मार्च एंडिंग सवलत आणि पुढच्या वर्षीचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती आमच्या बिलिंग आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीबद्दल आहे. सवलतीची जाहिरात एका ओळीत मावते, अटींना जरा जागा लागते. वेळ नसेल तर पहिले तीन प्रश्न वाचा. पैशांचा सगळा मामला तिथेच आहे.

आज किती भरायचे आणि पुढच्या वर्षी किती?

एका वापरकर्त्याच्या मूळ पॅकेजचा वार्षिक दर १२,००० रुपये. ३१ मार्चपर्यंत नव्या ग्राहकाला त्यावर ३० टक्के सूट, म्हणजे ८,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१२ रुपये. आज खात्यातून जाणार ९,९१२ रुपये.

पुढच्या वर्षी सूट नाही. १२,००० अधिक जीएसटी २,१६०, एकूण १४,१६० रुपये. आजच्यापेक्षा ४,२४८ रुपये जास्त. ही सवलत पहिल्या वर्षापुरतीच आहे. ती पुढेही चालू राहील असं आमच्या कोणा माणसाने फोनवर सांगितलं असेल, तर ते धरून चालू नका. बिलावर "नूतनीकरणाचा दर" अशी वेगळी ओळ छापलेली असते, तोच आकडा खरा.

या सवलतीत वर्ष मोजलं जातं १ एप्रिल ते ३१ मार्च. मार्चमध्ये कधीही पैसे भरले तरी सॉफ्टवेअर त्याच दिवशी चालू होतं, आणि मार्चचे उरलेले दिवस हिशेबात धरत नाही.

जाहिरातीत ३० टक्के आणि माझ्या कोटेशनमध्ये एवढी कमी सूट का दिसते?

कारण सूट फक्त मूळ पॅकेजवर आहे. जादा वापरकर्त्यांना नाही. प्रत्येक जादा वापरकर्त्याचे वर्षाला २,४०० रुपये लागतात आणि ते पूर्ण दराने लागतात.

समजा, तुमचं कोल्हापुरात हार्डवेअरचं दुकान आहे. एक लॉगिन तुमचं. काउंटरवरचा मुलगा दिवसभर बिलं करतो, त्याचं दुसरं. हिशेबाच्या मॅडम आठवड्यातून दोनदा येऊन खरेदीची बिलं चढवतात, त्यांचं तिसरं. म्हणजे मूळ पॅकेज आणि दोन जादा वापरकर्ते. पूर्ण दराने हे होतात १६,८०० रुपये. सवलतीनंतर ८,४०० अधिक ४,८००, म्हणजे १३,२०० रुपये. सूट झाली ३,६०० रुपयांची, आणि ती तुमच्या एकूण बिलाच्या साधारण २१ टक्केच भरते. जीएसटी धरून आज १५,५७६ रुपये, पुढच्या वर्षी १९,८२४ रुपये.

दोन आकड्यांत ४,२४८ रुपयांचा फरक आहे, एकट्या मूळ पॅकेजमध्ये होता तेवढाच. लॉगिन कितीही घ्या, सवलतीची रक्कम तेवढीच राहते. म्हणून जितके जास्त लॉगिन, तितकी टक्केवारी फिकी पडत जाते.

एक लॉगिन तिघांत वापरून पैसे वाचवता येतील का, असंही पुष्कळ जण विचारतात. सॉफ्टवेअर अडवत नाही, पण एका वेळी एकच माणूस आत राहू शकतो. शिवाय कोणतं बिल कोणी खोडलं हे नंतर कळत नाही. कंपनी म्हणून नोंदणी असलेल्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. त्या नोंदीत सगळीकडे मालकाचंच नाव दिसलं, तर ऑडिटर प्रश्न विचारणार.

नूतनीकरण आपोआप होतं का? मला न विचारता पैसे कापले जातील का?

तुम्ही पैसे भरताना ऑटोपे चालू केलं असेल तरच. ती चौकट आम्ही आधीपासून टिक करून ठेवत नाही. नेट बँकिंगने, एनईएफटीने किंवा चेकने पैसे भरले असतील, तर आपोआप काहीच कापलं जात नाही.

ऑटोपे चालू असेल तर २५ मार्चला रक्कम कापण्याचा प्रयत्न होतो. पुढे काय होतं ते रकमेवर अवलंबून आहे, आणि इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून किंवा यूपीआयवरून वरचेवर कापल्या जाणाऱ्या अशा रकमांना १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही. त्यावरच्या रकमेला लागतो.

आता आपल्याच दरांना हा नियम लावून बघा. एकट्या वापरकर्त्याचं नूतनीकरण १४,१६० रुपयांचं, म्हणजे मर्यादेच्या आत. ते तुम्ही काहीही न करता कापलं जाईल. एक जरी जादा वापरकर्ता असेल तर रक्कम होते १६,९९२. तिथे तुम्ही ओटीपी किंवा पिन टाकल्याशिवाय पैसे हलणार नाहीत. एकाला पैसे नकळत गेल्याचा धक्का बसतो, तर दुसऱ्याला वाटतं ऑटोपे आहे म्हणजे झालंच असेल, आणि प्रत्यक्षात झालेलं नसतं. तुम्ही या दोघांतले कोण, ते आजच बघून ठेवा.

रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना येणं बंधनकारक आहे. त्यात कोणाला, किती आणि कधी हे लिहिलेलं असतं आणि नकार देण्याची सोयही असते. आमच्याकडून त्याच्या आधी दोन संदेश येतात. पहिला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरा १० मार्चला. दोन्हींत रक्कम जीएसटीसकट लिहिलेली असते.

हे संदेश मालकापर्यंत पोचत नाहीत, ही आमच्याकडची सर्वांत जुनी तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच निघतं. सॉफ्टवेअर ज्याने बसवून दिलं त्या कॉम्प्युटरवाल्याचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा नंबर आणि ईमेल खात्याला जोडलेला असतो. "माझं खाते" मध्ये "मालकाचा संपर्क" नावाचा रकाना आहे. तिथे तुमचा स्वतःचा नंबर आहे ना, ते बघा. दुसऱ्या कोणाचा असेल तर बदलताना जुन्या नंबरवर ओटीपी जातो, म्हणून तो माणूस अजून फोन उचलतोय तोवरच हे काम उरका. त्याने फोन उचलणं बंद केलं असेल तर जीएसटी नोंदणीचा दाखला आम्हाला पाठवा, आम्ही इकडून बदलून देतो.

ऑटोपे चालू केलं, पण आता नको आहे. बंद कसं करायचं?

"माझं खाते", मग "वर्गणी", मग "ऑटोपे बंद करा". आम्हाला फोन करायची गरज नाही, कारणही विचारलं जात नाही. २४ मार्चपर्यंत कधीही बंद करता येतं, आणि चालू वर्षाची वर्गणी त्याने थांबत नाही.

आमच्याकडे बंद केल्यावर तुमच्या यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा बघून घ्या. तिथे आमचं नाव अजून चालू दिसत असेल तर तिथूनही रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये अशीच यादी मिळते. बँकेकडचा मँडेट, म्हणजे रक्कम कापायला तुम्ही दिलेली मंजुरी, रद्द झाली की आमच्याकडून काही चूक झाली तरी पैसे जाऊ शकत नाहीत.

उलटही होतं. बँकेने कार्ड बदलून दिलं, नंबर नवा आला, की जुन्या कार्डावरचा मँडेट बहुतेक वेळा निकामी होतो. तुम्ही निर्धास्त असता आणि २५ मार्चला आमच्याकडे "रक्कम मिळाली नाही" असा शेरा येतो.

मँडेट मंजूर करताना स्क्रीनवर २५,००० रुपये दिसले. माझं बिल तर एवढं नाही!

ती कमाल मर्यादा आहे. वर्षात तुम्ही आणखी लॉगिन घेतलेत तर नूतनीकरणाची रक्कम वाढते, म्हणून आम्ही ती थोडी वर ठेवतो. कापली जाते ती बिलाचीच रक्कम. तरीही डोळ्यांना खटकत असेल तर मंजुरीच्या वेळी ती मर्यादा स्वतः कमी करा. एकट्या वापरकर्त्याने १५,००० ठेवली तरी पुरते. बिल त्यापुढे गेलं तर मँडेट चालणार नाही आणि तुम्हाला हाताने पैसे भरावे लागतील, एवढंच.

पुढच्या वर्षी तुम्ही दरच वाढवलात तर?

वाढवू शकतो. वाढ झाली तर ती एका वर्षात मूळ दराच्या १० टक्क्यांहून जास्त नसेल आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच संदेशात नवा आकडा लिहिलेला असेल. तसं कळवलं नाही, तर त्या वर्षी जुनाच दर लागू.

तीन वर्षांचं एकदम घेतलं तर फायद्यात पडेल का?

तिन्ही वर्षं टिकलात तर हो. मध्येच सोडलंत तर नाही, आणि तोटा फायद्यापेक्षा मोठा आहे.

मूळ पॅकेज तीन वर्षांसाठी ३६,००० रुपयांचं होतं. एकदम घेतल्यास २५ टक्के सूट, म्हणजे २७,००० रुपये. हेच वर्षावर्षाने घेतलंत तर पहिल्या वर्षी ८,४००, मग दोनदा १२,०००, मिळून ३२,४००. जीएसटी बाजूला ठेवला तर तीन वर्षांत ५,४०० रुपये वाचतात. मधल्या काळात आम्ही दर वाढवला तर आणखी वाचतात, कारण तुमचा दर गोठलेला असतो.

पण दोन वर्षांनी तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर घेतलंत, किंवा मुलाने धंदा वेगळ्या पद्धतीने करायचं ठरवलं, तर? वर्षावर्षाने भरणाऱ्याचे तोवर २०,४०० गेलेले असतील, तुमचे २७,०००. म्हणजे ६,६०० रुपये जास्त. न वापरलेल्या वर्षांचे पैसे आम्ही परत करत नाही. ही अट कडक आहे हे मान्य, पण ती जास्तीची सूट तिच्याच बदल्यात मिळते.

आमचं सरळ मत असं की सॉफ्टवेअर पहिल्यांदाच घेत असाल तर एकाच वर्षाचं घ्या. एक मार्च एंडिंग, एक जीएसटीचं वार्षिक विवरण आणि सीएकडची एक फेरी त्यावर निभावली, तरच तीन वर्षांचा विचार करा. सेल्सच्या माणसांना हे वाक्य आवडत नाही.

आणखी एक. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. त्यांनी वरचे सगळे आकडे जीएसटी धरूनच ताडून बघावेत. ३१,८६० विरुद्ध ३८,२३२, आणि दोन वर्षांनी सोडलं तर ३१,८६० विरुद्ध २४,०७२.

३१ मार्चच्या आत पैसे भरले की हा खर्च याच वर्षात टाकता येईल ना?

मार्चमध्ये सर्वांत जास्त हाच प्रश्न येतो, आणि त्यामागे बहुधा कोणीतरी सांगितलेलं असतं की "मार्चमध्ये खर्च दाखव, कर वाचेल". तुमचे हिशेब येणं-देणं धरून, म्हणजे मर्कंटाइल पद्धतीने ठेवलेले असतील तर पैसे कधी दिले एवढ्यावर भागत नाही. सेवा कोणत्या काळाची आहे ते बघावं लागतं. आमची वर्गणी १ एप्रिलपासूनची. म्हणून मार्चमध्ये दिलेले १३,२०० रुपये ३१ मार्चच्या ताळेबंदात आगाऊ दिलेला खर्च म्हणून दिसतील आणि पुढच्या वर्षी खर्चात जातील. तीन वर्षांचं पॅकेज असेल तर २७,००० पैकी दर वर्षी ९,००० रुपये.

रक्कम लहान असली की काही सीए ती सरळ खर्चात टाकतात. तो त्यांचा निर्णय. पण फक्त कर वाचवायला मार्चमध्ये हे घेत असाल तर थांबा आणि आधी त्यांना एक फोन करा. आमची सूट त्या फोनला पुरेल इतके दिवस आहे.

जीएसटीचं क्रेडिट कधी मिळेल?

जीएसटी सवलतीनंतरच्या रकमेवर लागतो आणि बिलावर सूट वेगळी दाखवलेली असते. मार्चमधलं बिल आम्ही ११ एप्रिलपर्यंत आमच्या जीएसटीआर-१ मध्ये भरतो. १४ एप्रिलला तयार होणाऱ्या तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते दिसायला हवं. क्रेडिट कोणत्या महिन्यात घ्यायचं ते सीए सांगतील. मार्चच्या बिलाची शेवटची मुदत त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, तेव्हा घाई नाही.

अडचण येते ती बिल स्वतःच्या नावावर घेतल्याने. मालक रात्री घरी बसून मोबाइलवरून पैसे भरतो, जीएसटी नंबरचा रकाना "नंतर बघू" म्हणून मोकळा सोडतो, आणि बिल साध्या ग्राहकाचं बनतं. मग ते २बी मध्ये येतच नाही. म्हणून बिल आलं की तीन गोष्टी बघा: दुकानाचं किंवा फर्मचं नाव, पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर, आणि राज्य. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. आमची नोंदणी महाराष्ट्रातली असल्याने गोव्यातल्या ग्राहकांच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी १८ टक्के आयजीएसटी दिसेल. ते बरोबर आहे. काही चुकलं असेल तर ५ एप्रिलच्या आत कळवा, विवरण भरण्याआधी बिल बदलून देता येतं. नंतर दुरुस्ती होते, पण ती रेंगाळते.

आवडलं नाही तर पैसे परत मिळतात का?

पैसे भरल्यापासून ३० दिवसांत पूर्ण परत, जीएसटीसकट. आम्ही क्रेडिट नोट काढतो. तोवर तुम्ही त्या बिलाचं क्रेडिट घेतलं असेल तर ते तुम्हाला उलटवावं लागेल, हे सीएच्या कानावर घाला.

हीच ३० दिवसांची मुदत नूतनीकरणालाही आहे. २५ मार्चला ऑटोपेने पैसे गेले आणि तुम्हाला ते नको होते, तर २४ एप्रिलपर्यंत एक ईमेल पुरेसा आहे. त्यानंतर मात्र त्या वर्षाचे पैसे परत नाहीत, वापर केला असो वा नसो.

नूतनीकरण केलं नाही तर १ एप्रिलला बिलिंग बंद पडेल?

नाही. १५ एप्रिलपर्यंत सगळं पूर्ववत चालतं, बिलंही निघतात. एप्रिलच्या पहिल्या तारखेला नवी बिल मालिका सुरू करायची असते, स्टॉक मोजायचा असतो, त्यात आम्ही कुलूप लावलं तर तुम्ही आम्हाला कायमचं सोडून जाल. १६ एप्रिलपासून नवं बिल काढता येत नाही. जुनं सगळं बघता येतं, छापता येतं आणि एक्सेलमध्ये उतरवता येतं. असं १८० दिवस. त्यानंतर तीन सूचना देऊन डेटा काढून टाकला जातो आणि तो परत आणता येत नाही.

या १८० दिवसांकडे दुर्लक्ष करू नका, कारण हिशेब जपून ठेवण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर आहे, आमच्यावर नाही. जीएसटीखाली वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागद ठेवावे लागतात. २०२५-२६ च्या बिलांचं वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतचं, म्हणजे ती बिलं ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत दाखवता यायला हवीत. कंपनी असाल तर हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात.

त्यासाठी नुसती बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन भागत नाही. आमची बॅकअप फाइल आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते, आणि वर्गणी संपल्यावर तुमच्याकडे ते नसेल. सोडून जाताना "अहवाल" मधून विक्री रजिस्टर, खरेदी रजिस्टर, सगळी खाती आणि दैनंदिन नोंदवही एक्सेलमध्ये उतरवा, आणि विक्रीची बिलं पीडीएफमध्ये. दोन वर्षांची बिलं असतील तर पीडीएफ तयार व्हायला वेळ लागतो. दुकान बंद झाल्यावर लावून घरी जा.

उतरवलेलं नीट आलं की नाही हे तपासायची एक सोपी खूण आहे. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा, कुठलाही एक महिना घ्या, विक्री रजिस्टरची बेरीज त्या महिन्याच्या भरलेल्या जीएसटीआर-१ शी ताडा. जुळली तर निश्चिंत. फरक आला तर बहुधा रद्द केलेली बिलं किंवा क्रेडिट नोटा उतरवायच्या राहिलेल्या असतात. उतरवण्याच्या स्क्रीनवर त्यांची वेगळी चौकट आहे.

सध्या दुसरं सॉफ्टवेअर आहे. सूट मिळतेय म्हणून आत्ताच बदलू का?

पैसे मार्चमध्ये भरा, बदल १ एप्रिलला करा. मार्चच्या मधोमध सॉफ्टवेअर बदललंत तर एका वर्षाची बिलं दोन ठिकाणी विभागली जातात आणि बिल क्रमांकांचा घोळ होतो. १ एप्रिलला नवी मालिका सुरूच करायची असते, तो सांधा उत्तम.

३१ मार्चची जुनी पुस्तकं त्या दिवशी पक्की नसतात. व्याज, घसारा, राहिलेली बिलं हे सगळं नंतर चढतं. म्हणून आधी फक्त गिऱ्हाइकांची येणी, व्यापाऱ्यांची देणी, बँक, रोख आणि मोजलेला स्टॉक एवढंच नव्या ठिकाणी घ्या. बाकीच्या सुरुवातीच्या शिल्लका ऑडिट झाल्यावर दुरुस्त करता येतात, त्यासाठी आम्ही पैसे घेत नाही.

आणि जुन्या सॉफ्टवेअरची वर्गणी लगेच सोडू नका. ऑडिट सहसा सप्टेंबरपर्यंत चालतं आणि सीए तेव्हाही जुनी पुस्तकं उघडायला सांगतात. जुनी वर्गणी मध्येच संपत असेल तर त्या कंपनीकडे "फक्त बघण्यापुरतं" काही मिळतं का ते विचारा. त्याचा खर्च धरूनच आमच्या सवलतीचा हिशेब करा. कधी कधी दोन्हीकडे पैसे देऊन सवलत तिथेच संपते.

मी तुमचा जुना ग्राहक आहे. मला ३० टक्के का नाहीत?

ही सूट नवा ग्राहक मिळवण्यासाठी आहे, हे सरळच सांगतो. जुन्या ग्राहकाने यंदाच्या ३१ मार्चच्या आत नूतनीकरण केलं तर त्याला मूळ पॅकेजवर १० टक्के आहेत, म्हणजे १०,८०० अधिक जीएसटी. ज्यांची वर्गणी वर्षाच्या मध्ये संपते त्यांचे उरलेले दिवस वाया जात नाहीत. १८ जुलैला संपणारी वर्गणी आत्ता भरलीत, तर ती पुढच्या वर्षीच्या १८ जुलैपर्यंत जाते.

जुनं खाते बंद करून दुसऱ्या नावाने नवं उघडलं तर सूट मिळेल, पण जुन्या बिलांचा इतिहास, येणी आणि स्टॉक त्यात येणार नाही. २,४०० रुपयांसाठी एवढा खटाटोप कोणी करू नये असं आम्हाला वाटतं, तरी दर वर्षी कोणी ना कोणी करतंच.

३१ तारीख वाढणार आहे का? सगळेच वाढवतात.

वाढणार नाही. ३१ मार्चच्या रात्री १२ वाजता दर बदलतो. म्हणून आमच्या पानावर उलटी घड्याळंही नाहीत आणि "फक्त तीन जागा उरल्या" असंही लिहिलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या जागा कशा उरतील? खोटी घाई दाखवणं आणि वर्गणीच्या जाळ्यात अडकवणं या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नावानिशी मनाई केलेल्या आहेत.

चेक चालेल का?

चालेल, पण तो २७ मार्चपर्यंत आमच्या हातात हवा आणि वटल्यावरच खाते चालू होतं. एनईएफटी आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास चालतं, म्हणून शेवटच्या दिवशी तेच बरं. पैसे पाठवताना शेऱ्यात आपला जीएसटी नंबर टाका. ३१ मार्चला आमच्या खात्यात एकाच रकमेच्या कितीतरी नोंदी येतात, आणि "९,९१२ पाठवले, बघा" एवढ्या संदेशावरून तुमचे कोणते ते शोधता येत नाहीत.